पुढची चाल कोणाची?

इन्फ्लुएन्सरांशी संपर्काची नोंद ठेवणारी शीट म्हणजे मुळात एक साधा तक्ता. एका ओळीत एक माणूस आणि प्रत्येक रकान्यात त्याच्याबद्दलची एक गोष्ट. पहिल्या दहा नावांपर्यंत असा तक्ता नसला तरी चालते, कारण कोणाला लिहिले आणि कोणाचे उत्तर आले हे डोक्यात राहते. नावे साठ झाली की गोंधळ सुरू होतो. कोणी दर विचारलेला असतो आणि त्याला दर कळवलेलाच नसतो. कोणाला तीच विनंती दोन जणांकडून गेलेली असते. कोणी ‘गणपती झाल्यावर बोलू’ म्हणालेले असते आणि दिवाळी संपल्यावर ते आठवते. यातले बहुतेक नुकसान नकारामुळे होत नाही, विसरण्यामुळे होते. ते टाळायचे तर शीटला दोन गोष्टी कळाव्या लागतात: प्रत्येक ओळीत पुढची चाल कोणाची आहे आणि ती किती दिवसांत व्हायला हवी.

उदाहरण म्हणून सांगलीतला एक घरगुती उद्योग धरू. तो चकलीची भाजणी विकतो आणि 2026 च्या दिवाळीआधी साठ मराठी खाद्य-इन्फ्लुएन्सरांपर्यंत पोचू पाहतो. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे आणि दसरा 20 ऑक्टोबरला. भाजणीची खरेदी दसऱ्याच्या आसपास सुरू होते, म्हणून रील 12 ते 22 ऑक्टोबरच्या दरम्यान यायला हवी. त्यासाठी पाकिटे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्या त्या घरी पोचलेली हवीत. गणपती 14 सप्टेंबरला बसतात, अनंत चतुर्दशी 25 ला आहे, आणि त्या बारा दिवसांत रेसिपी करणारी माणसे मोदकांत बुडालेली असतात. त्यामुळे बोलणी गणपतीच्या आधी पुरी व्हायला हवीत आणि पहिला मेल 17 ऑगस्टच्या आठवड्यातच निघायला हवा. रोज बारा याप्रमाणे सोमवार ते शुक्रवार साठ मेल जातात. सगळे एकाच दिवशी पाठवले तर उत्तरेही एकदमच येतात आणि ती सांभाळायला घरात माणसे दोनच असतात.

शीटमधले रकाने दहा. A मध्ये नाव, B मध्ये प्रोफाइलचा दुवा, C मध्ये संपर्काचा मार्ग, D मध्ये आपल्याकडे ती ओळ कोण सांभाळते त्याचे नाव. E मध्ये स्थिती, F मध्ये शेवटच्या संपर्काची तारीख, G मध्ये समोरच्याने स्वतः सांगितलेली तारीख, H मध्ये पुढच्या कामाची तारीख, I मध्ये पहिल्या उत्तराची तारीख आणि J मध्ये नोंद. फॉलोअर किती, लाइक किती, शहर कोणते असे आणखी वीस रकाने जोडण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ती माहिती माणसे निवडताना लागते. निवड झाल्यावर रोज उघडायच्या शीटमध्ये ती अडगळ होते आणि E ते H हे खरे कामाचे रकाने पडद्याबाहेर ढकलले जातात.

सगळ्यात जास्त विचार E रकान्याचा करावा लागतो. तिथे बहुतेक शीटमध्ये ‘बोलणी चालू’ अशी एक स्थिती सापडते आणि तीच सगळ्यांत निरुपयोगी असते. बोलणी चालू म्हणजे आपण दर सांगायचा आहे, की सांगून झाला आणि त्यांच्या उत्तराची वाट आहे? पहिल्या प्रसंगी एक दिवस उशीर झाला तरी काम हातचे जाते. दुसऱ्यात तीन दिवस थांबणेच बरे, कारण रोज विचारणारा नकोसा होतो. या दोन प्रसंगांना एकच नाव दिले तर आठवण कधी द्यायची हे शीटला ठरवताच येत नाही. म्हणून स्थितीचे नाव असे हवे की ते वाचताच चाल कोणाची हे कळावे. बुद्धिबळात पटावर सोंगट्या कशा मांडल्या आहेत यासोबत खेळायची पाळी कोणाची हेही माहीत असावे लागते, तसेच हे.

भाजणीच्या शीटमध्ये म्हणून ‘पहिला मेल गेला’, ‘पहिली आठवण गेली’ आणि ‘दुसरी आठवण गेली’ अशा तीन स्थिती आहेत. तिन्हींत चाल समोरच्याची. ‘उत्तर आले’ म्हणजे चाल आपली. ‘अटी कळवल्या’ म्हणजे पुन्हा त्यांची. ‘ठरले’ म्हणजे आपली, कारण आता पार्सल बांधायचे आहे. ‘माल पाठवला’, ‘माल पोचला’ या त्यांच्या बाजूच्या, आणि ‘रील आली’ झाली की पुन्हा आपली, कारण रील तपासून पैसे द्यायचे असतात. शेवटी ‘पूर्ण’, ‘नकार’ आणि ‘थांबवले’ या तीन बंद स्थिती, जिथे कोणाचीच चाल उरत नाही. नकार आणि थांबवले वेगळे ठेवण्यामागे कारण आहे. नकार देणाऱ्याने विचार करून उत्तर दिलेले असते, तर थांबवलेल्याने कदाचित मेल पाहिलेलाही नसतो. पुढच्या वर्षी यातल्या दुसऱ्याला पुन्हा लिहिता येते.

या स्थिती E रकान्यात हाताने टाइप करू देऊ नयेत. ‘पहिला मेल गेला’ आणि ‘पहिला मेल गेला.’ या माणसाला एकच वाटणाऱ्या नोंदी शीटच्या दृष्टीने दोन वेगळ्या असतात. म्हणून ‘नियम’ नावाच्या दुसऱ्या पानावर सगळ्या स्थिती एकाखाली एक लिहायच्या आणि E रकान्यासाठी Data > Data validation मध्ये जाऊन त्या यादीचा ड्रॉपडाउन करायचा. त्याच ठिकाणी Reject the input हा पर्याय निवडला की यादीबाहेरचे काही लिहिताच येत नाही. हा पर्याय पुढे फार उपयोगी पडतो.

‘नियम’ पानावर तीन रकाने असतात: स्थिती, चाल कोणाची, आणि किती दिवस. भाजणीच्या शीटमध्ये पहिल्या मेलनंतर 4 दिवस, पहिल्या आठवणीनंतर 7, दुसरीनंतर पुन्हा 7. उत्तर आल्यावर 1. अटी कळवल्यावर 3, ठरल्यावर 2, माल पाठवल्यावर 6, पोचल्यावर 10, रील आल्यावर 3. हे आकडे शास्त्राने ठरलेले नाहीत. ते त्या उद्योगाच्या गतीचे आहेत आणि अनुभवाने बदलायचे असतात. बदलायला सोपे जावे म्हणूनच ते वेगळ्या पानावर ठेवायचे. एका ठिकाणी 4 चा 5 केला की साठही ओळींत फरक पडतो. बंद स्थितींपुढे दिवसांच्या जागी एक आडवी रेघ टाइप करायची. ती जागा रिकामी ठेवू नये, कारण रिकामी जागा हिशोबात शून्य धरली जाऊ शकते, आणि मग नकार दिलेला माणूस रोज सकाळी ‘आज करायचे’ म्हणून समोर येतो.

‘सुट्ट्या’ हे तिसरे पान. त्यात फक्त तारखा: 28 ऑगस्टची राखी पौर्णिमा, 14 सप्टेंबरची गणेश चतुर्थी, 2 ऑक्टोबर, दसरा आणि असेच. हे सगळे जमले की H2 मध्ये पुढचे सूत्र लिहून खाली ओढायचे.

```
=IF(G2<>"",G2,IF(OR(E2="",F2=""),"",IFERROR(WORKDAY.INTL(F2,VLOOKUP(E2,'नियम'!$A:$C,3,FALSE),11,'सुट्ट्या'!$A$2:$A$40),"")))
```

सूत्र लांब दिसते, पण ते तीनच गोष्टी करते. G मध्ये समोरच्याने सांगितलेली तारीख असेल तर ती जशीच्या तशी घेते. नसेल तर VLOOKUP ‘नियम’ पानावरून त्या स्थितीचे दिवस शोधून आणते. मग WORKDAY.INTL शेवटच्या संपर्काच्या तारखेपासून तेवढे कामाचे दिवस मोजते. मधला 11 हा आकडा आठवडी सुट्टी फक्त रविवारी आहे असे सांगतो. साधे WORKDAY वापरले तर शनिवारही सुट्टीत धरला जातो. शनिवारी दुकान उघडे ठेवणाऱ्या उद्योगाला तो हिशोब जुळत नाही. सूत्रात रेघ सापडली की मोजणी चुकते, IFERROR ती चूक गिळते आणि जागा रिकामी राहते. पण IFERROR खऱ्या चुकाही तितक्याच शांतपणे गिळते. स्थितीचे नाव चुकीचे लिहिले गेले तर तारीख येत नाही आणि ती ओळ कायमची झोपते. Reject the input चा उपयोग तो हाच.

आता एक ओळ सुरुवातीपासून पाहू. नाशिकची एक रेसिपी करणारी इन्फ्लुएन्सर आहे असे समजा. तिला पहिला मेल बुधवारी 19 ऑगस्टला गेला. E मध्ये ‘पहिला मेल गेला’, F मध्ये 19 ऑगस्ट. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस मोजून, रविवार वगळून चौथा सोमवार येतो, म्हणून H मध्ये 24 ऑगस्ट दिसते. त्या दिवशी उत्तर नाही. आठवणीचा मेल जातो, तोही जुन्याच मेलला उत्तर म्हणून, म्हणजे मूळ विनंती खाली दिसत राहते आणि तिला शोधावी लागत नाही. स्थिती बदलते, F मध्ये 24 ऑगस्ट येते. सात दिवस मोजताना रविवार आणि राखी पौर्णिमा वगळली जाते आणि H मध्ये 2 सप्टेंबर दिसते.

पण 31 ऑगस्टला तिचे उत्तर येते, तेही मेलवर न येता इन्स्टाग्रामच्या संदेशांत: रील एक हवी की दोन, आणि पैसे किती? स्थिती ‘उत्तर आले’ होते, I मध्ये 31 ऑगस्ट नोंदले जाते आणि H लगेच 1 सप्टेंबरवर येते. दुसऱ्या दिवशी अटी जातात. 3 सप्टेंबरला ती होकार देते, पण एका अटीवर: पार्सल 28 सप्टेंबरला पाठवा, त्याआधी घरात गणपतीची गडबड आहे. ‘ठरले’ या स्थितीचा दोन दिवसांचा नियम इथे लागू होत नाही, कारण तिने स्वतः तारीख दिली आहे. तीच G मध्ये लिहायची. G रकाना नसेल तर ती ओळ 5 सप्टेंबरपासून रोज लाल दिसते. माणसाला त्या लाल रंगाची सवय होते आणि खऱ्या राहिलेल्या ओळीही तो मग तशाच सोडून देतो.

28 सप्टेंबरला पार्सल निघते. G मधली तारीख पुसायची. ही पायरी विसरली तर H त्याच जुन्या तारखेला चिकटून राहते, आणि तसे झाल्याची खूण म्हणजे स्थिती बदलूनही पुढची तारीख हलत नाही. ‘माल पाठवला’ या स्थितीमुळे पुढची तारीख 6 ऑक्टोबर येते. पार्सल 1 ऑक्टोबरला पोचल्याचे कुरियरच्या ट्रॅकिंगवर दिसले की स्थिती ‘माल पोचला’ करायची, आणि 2 ऑक्टोबर वगळून दहावा कामाचा दिवस 14 ऑक्टोबर ठरतो. तो नेमका हव्या असलेल्या काळात पडतो. रील 13 ला आली तर आठवणीची गरजच पडत नाही.

तारीख आली हे नजरेत भरावे म्हणून Format > Conditional formatting मध्ये A2 ते J पर्यंतच्या पट्ट्याला हा नियम लावतात आणि लाल रंग निवडतात:

```
=AND($H2<>"",$H2<=TODAY())
```

पण रंग दिसायला शीट उघडावी लागते, आणि ज्या दिवशी भाजणी दळायची गर्दी असते त्या दिवशी ती उघडली जात नाही. म्हणून शीटनेच सकाळी मेल पाठवावा. Extensions > Apps Script मध्ये एक छोटा कार्यक्रम लिहून ते करता येते.

```
function sakalchiYadi() {
  const ss = SpreadsheetApp.getActive();
  const tz = ss.getSpreadsheetTimeZone();
  const din = d => Utilities.formatDate(d, tz, 'yyyy-MM-dd');
  const aaj = din(new Date());
  const yadi = ss.getSheetByName('संपर्क').getDataRange().getValues()
    .slice(1)
    .filter(r => r[7] instanceof Date && din(r[7]) <= aaj);
  const majkur = yadi.map(r => r[3] + ': ' + r[0] + ' - ' + r[4]).join('\n');
  MailApp.sendEmail(Session.getEffectiveUser().getEmail(),
    'आजचा पाठपुरावा: ' + yadi.length, majkur || 'आज काही नाही.');
}
```

यातला r[7] म्हणजे आठवा रकाना, H, कारण मोजणी शून्यापासून होते. ज्या ओळींची तारीख आजची किंवा उलटून गेलेली आहे त्या निवडून, कोणी काय करायचे याची यादी एका मेलमध्ये जाते. डावीकडच्या घड्याळाच्या चिन्हावर, म्हणजे Triggers मध्ये, हे काम रोज सकाळी 7 ते 8 च्या दरम्यान चालावे असे ठरवता येते. नेमकी वेळ गुगल त्या तासात कधीतरी निवडते. पहिल्यांदा चालवताना हे अॅप गुगलने तपासलेले नाही अशी सूचना येऊ शकते. आपणच लिहिलेल्या कार्यक्रमासाठी ती अपेक्षित आहे. दुसऱ्याकडून आलेल्या शीटमध्ये ती दिसली तर मात्र कार्यक्रम वाचल्याशिवाय परवानगी देऊ नये.

कार्यक्रमात ‘आज काही नाही’ ही ओळ मुद्दाम आहे. यादी रिकामी असेल तर मेलच पाठवायचा नाही हे वरवर शहाणपणाचे वाटते. पण मग मेल न येण्याचे दोन अर्थ होतात: आज काम नाही, किंवा यंत्रणा बंद पडली आहे. यंत्रणा बंद पडते तेव्हा ती आवाज करत नाही. वेळेचा हा ट्रिगर ज्या व्यक्तीने लावला तिच्या खात्यातून चालतो. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली आणि खाते बंद झाले की आठवणीही थांबतात, शीट मात्र पूर्वीसारखीच दिसत राहते. रोज मेल येत असेल तर न आलेला मेल लगेच खटकतो.

दुसरा सापळा तारखांचा. शीट कोणत्या देशाच्या रीतीने तारीख वाचते हे File > Settings मधल्या Locale वरून ठरते. तिथे अमेरिका असेल तर 5/9/2026 हे 9 मे म्हणून घेतले जाते. सप्टेंबरची तारीख मे महिन्यात गेल्याने ओळ लगेच लाल होते, म्हणून ही चूक निदान दिसते तरी. 19/8/2026 मात्र तिथे तारीखच ठरत नाही, कारण एकोणिसावा महिना नसतो. मग ते नुसते अक्षर म्हणून राहते आणि चौकोनात डावीकडे चिकटते. खऱ्या तारखा उजवीकडे असतात, आणि त्यांच्यावर दोनदा क्लिक केले की छोटे कॅलेंडर उघडते. Locale भारताचे ठेवले आणि आजची तारीख Ctrl+; या कळांनी टाकली की हा प्रश्न उरत नाही. त्याऐवजी कोणी हुशारी करून F मध्ये =TODAY() लिहिले तर शेवटचा संपर्क रोज ‘आजच’ झालेला दिसतो, पुढची तारीख रोज एक दिवस पुढे सरकते आणि आठवण कधीच येत नाही.

त्याच Settings मध्ये Time zone असते. ते चुकून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे राहिले तर शीटचा ‘आज’ उन्हाळ्यात भारतीय वेळेनुसार दुपारी साडेबाराला सुरू होतो. सकाळी लाल व्हायला हव्या त्या ओळी जेवणाच्या सुमारास लाल होऊ लागल्या तर कारण हेच असते. आणखी एक बारीक गोष्ट: H रकान्याला Format > Number मधून तारखेचे स्वरूप द्यायला हवे. नाहीतर तिथे 24 ऑगस्ट 2026 ऐवजी 46258 असा आकडा दिसू शकतो, कारण शीट तारखा आतून 30 डिसेंबर 1899 पासूनच्या दिवसांत मोजते. माणूस त्या आकड्याकडे दुर्लक्ष करतो, पण वरचा कार्यक्रम त्याला तारीख मानत नाही आणि यादी रिकामी येते.

यंत्राने इतके केल्यावर पुढची कल्पना हमखास सुचते: मग आठवणीचा मेल थेट त्या इन्फ्लुएन्सरलाच आपोआप जाऊ दे. तांत्रिकदृष्ट्या ते दोन ओळींचे काम आहे. साध्या जीमेल खात्यावरून कार्यक्रमाद्वारे दिवसाला 100 जणांना मेल जाऊ शकतो आणि भाजणीवाल्यांचे साठच आहेत. तरीही ते टाळलेले बरे. शीटला तेवढेच माहीत असते जेवढे तिच्यात लिहिलेले असते. नाशिकच्या इन्फ्लुएन्सरने 31 ऑगस्टला इन्स्टाग्रामवर उत्तर दिले, ते कोणी नोंदले नाही आणि 2 सप्टेंबरला यंत्राने तिला ‘आमचा मेल पाहिलात का?’ असे विचारले, तर आपण तिचे उत्तर वाचलेच नाही असे तिला वाटणार, आणि ते खरेही असणार. आठवण आपल्याला यावी आणि मेल माणसाने पाठवावा. पाठवण्याआधी मेल, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप तिन्ही एकदा पाहावे. त्याला ओळीमागे अर्धा मिनिट लागतो.

C मधला संपर्काचा मार्ग इथेच कामाला येतो. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा संदेश विनंत्यांच्या वेगळ्या कप्प्यात पडतो, आणि 2023 पासून अशी विनंती स्वीकारली जाईपर्यंत दुसरा संदेश पाठवता येत नाही. म्हणजे पहिला संपर्क तिथे केला तर आठवण देण्याचा मार्गच बंद होतो, ‘पहिली आठवण गेली’ ही स्थिती त्या ओळीला लागूच होत नाही. व्यावसायिक खात्यांवर बहुधा मेलचा पत्ता दिलेला असतो. पहिला मेल तिथेच पाठवावा. पत्ता मिळाला नाही तर इन्स्टाग्रामवरचा तो एकमेव संदेश विचारपूर्वक लिहावा आणि अशा ओळींसाठी ‘नियम’ पानावर वेगळी स्थिती ठेवावी: ‘फक्त संदेश गेला’, 10 दिवस, आणि त्यानंतर थेट ‘थांबवले’.

थांबण्याचाही नियम आधी ठरलेला हवा. भाजणीच्या शीटमध्ये दोन आठवणींनंतर ओळ बंद होते. नाशिकच्या ओळीवर उत्तर आले नसते आणि 2 सप्टेंबरला दुसरी आठवण गेली असती, तर सात कामाचे दिवस मोजून 10 सप्टेंबरला ती ‘थांबवले’ मध्ये गेली असती, गणपतीच्या चार दिवस आधी. त्या वेळेपर्यंत राखून ठेवलेल्या नावांतून दुसरे नाव घेऊन त्याला लिहायला जेमतेम सवड उरते. तिसरी आठवण पाठवत बसले तर तीही जाते.

मोहीम कशी चालली हे पाहायला COUNTIF पुरते, उदाहरणार्थ =COUNTIF(E2:E61,"नकार"). पण इथे स्थितीच्या रकान्याची एक मर्यादा उघड होते. तो आजचे सांगतो, कालचे पुसतो. ‘पूर्ण’ झालेल्या ओळीवरून तिचे उत्तर पहिल्या मेललाच आले की दुसऱ्या आठवणीनंतर, हे कळत नाही. आठवणींचा उपयोग होतो की नाही हा प्रश्न तर नेमका त्यावरच ठरतो. म्हणून I रकान्यात पहिल्या उत्तराची तारीख वेगळी राहते आणि ती एकदा लिहिली की कोणी बदलत नाही. पहिल्या मेलची तारीखही टिकवायची असेल तर J मधल्या नोंदीच्या सुरुवातीला ती लिहून ठेवणे पुरते. दोन्ही हाताशी असल्या की नाशिकच्या ओळीत 19 ऑगस्ट आणि 31 ऑगस्ट दिसतात आणि उत्तर पहिल्या आठवणीनंतर आले हे कळते. साठ ओळींत बहुतेक उत्तरे पहिल्या चार दिवसांतच आलेली दिसली, तर पुढच्या वर्षी आठवणींपेक्षा पहिल्या मेलच्या मजकुरावर जास्त वेळ घालवावा लागेल.

‘रील आली’ या स्थितीत तीन दिवस फक्त पैशांसाठी दिलेले नाहीत. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे एएससीआयच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पैसे किंवा फुकट माल घेऊन केलेल्या रीलवर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे लागते, इंग्रजीत किंवा त्या जाहिरातीच्या भाषेत. भाजणीची दोन पाकिटे हाही फुकट मालच. ते लेबल रीलवर दिसते का, हे पैसे देण्याआधी पाहायचे आणि J मध्ये नोंदायचे. मालाची किंमतही तिथेच लिहावी. जुलै 2022 पासून वर्षभरात वीस हजार रुपयांहून जास्त किमतीचा माल एखाद्या इन्फ्लुएन्सरला कायमचा दिला तर त्यावर 10 टक्के कर कापण्याचा नियम आला, लहान घरगुती उद्योगांना त्यातून सूट आहे. भाजणी त्या रकमेच्या जवळपासही जात नाही, पण त्याच उद्योगाने पुढे चकलीचे यंत्र किंवा मिक्सर विकायला घेतला तर ही बेरीज शीटमधूनच निघायला हवी.

दिवाळी झाली की शीटची एक प्रत करून तिच्यात ‘पूर्ण’ आणि ‘थांबवले’ या ओळी ठेवायच्या, E ते G आणि I रिकामे करायचे आणि पुढच्या वर्षीच्या तारखा ‘सुट्ट्या’ पानावर भरायच्या. ‘नकार’च्या ओळी जुन्या शीटमध्ये राहतात, J मधल्या कारणासकट. सकाळचा ट्रिगर मात्र प्रतीबरोबर जात नाही. नव्या शीटमध्ये तो पुन्हा लावावा लागतो, आणि जुन्या शीटमधला हाताने काढावा लागतो, नाहीतर ती ‘आज काही नाही’ असे रोज सकाळी कळवत राहते.